मदत हवी आहे: शंट मोजून बसवला, तरी अमीटर जास्त प्रवाह का दाखवतो?

दादरकर_भौतिकी: बारावीच्या प्रात्यक्षिकासाठी मी गॅल्व्हनोमीटरचे १ अँपिअरच्या अमीटरमध्ये रूपांतर करत आहे. त्याचा रोध १०० ओहम असून १ मिलिअँपिअरला काटा पूर्ण सरकतो, त्यामुळे शंट जवळपास ०.१ ओहम येतो. लॅमिंग्टन रोडवरून आणलेली २२ गेजची कॉन्स्टंटन तार मीटरला सुमारे १.२३ ओहम धरून ८.१ सेंमी कापली आणि दोन जोडतारांनी गॅल्व्हनोमीटरच्या टर्मिनलांना समांतर जोडली. प्रयोगशाळेतील अमीटर ०.५० दाखवतो तेव्हा माझा ०.६८ दाखवतो, आणि ०.२५ ला ०.३४. चूक कुठे असावी?

ओहमचा_शिष्य: गॅल्व्हनोमीटरचा रोध अर्धविचलन पद्धतीने काढला असेल, तर तोच चुकला असणार. मालिकेतील रोध पुरेसा मोठा नसला की उत्तर कमी येते.

जुना_तंत्रज्ञ: पद्धतीची ती मर्यादा खरी आहे, पण इथे ती लागू पडत नाही, कारण रोध प्रत्यक्षात जास्त असता तर काटा कमी सरकला असता. दोन्ही नोंदी ३६ टक्क्यांनीच जास्त आहेत, म्हणजे शंटच्या फांदीत ०.१ ऐवजी सुमारे ०.१३६ ओहम आहे. वरचे ०.०३६ ओहम जोडतारांचे आणि स्क्रूच्या सांध्यांचे असावेत. स्क्रू दाबल्यावर काटा हलला, तर खात्री पटेल. मुख्य प्रवाहाच्या तारा थेट शंटच्या दोन टोकांना लावा आणि गॅल्व्हनोमीटरच्या दोन बारीक तारा त्यांच्या आतल्या बाजूस, ८.१ सेंमी अंतर राखून, शंटलाच डाख द्या (त्यासाठी थोडी लांब तार घ्यावी लागेल). मग जोडतारांचा रोध १०० ओहमांच्या फांदीत जातो आणि तिथे तो नगण्य ठरतो. शिवाय बारीक तार सुटली तरी कॉइल सुरक्षित राहते. तुमच्या आजच्या जोडणीत शंट सुटला, तर सगळा प्रवाह कॉइलमधूनच जाईल.

मीटरवाली_ठाणे: मी १० व्होल्टचा व्होल्टमीटर केला, त्यात ९,९०० ओहम मालिकेत लावले आणि तारा कितीही लांब घेतल्या तरी फरक पडला नाही. तुम्ही शंट मल्टिमीटरने मोजून का पाहत नाही?

जुना_तंत्रज्ञ: ताई, तुमच्या ९,९०० ओहमांत तारेचे दोन-चार शतांश ओहम हरवून जातात, इथे मात्र शंटच तेवढ्या मापाचा आहे. साध्या मल्टिमीटरच्या प्रोबांचाच रोध ०.१ ओहमांहून जास्त भरतो, त्यामुळे त्या मोजणीचा उपयोग नाही.

दादरकर_भौतिकी: जोडणी बदलली. आता ०.५० ला ०.५१ येते. उरलेल्या २ टक्क्यांसाठी तार किंचित आखूड करावी का?

जुना_तंत्रज्ञ: दीड मिलिमीटर नेमके कमी करणे अवघड आहे. त्याऐवजी कॉइलच्या मालिकेत २ ओहम घाला.

ओहमचा_शिष्य: पण ते २ टक्के तुलनेसाठी घेतलेल्या अमीटरचे नसतील कशावरून?