लेसरमधला ‘ल’

> ‘लेसर’ ही आद्याक्षरं असतील, तर ‘लेस होणे’, म्हणजे लेसरचा प्रकाश देणे, हे क्रियापद कुठून आलं?

उलट्या वाटेनं आलं. आधी मायक्रोवेव्ह लहरी वाढवणारा ‘मेसर’ होता, त्यातला ‘म’ मायक्रोवेव्हचा. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ गॉर्डन गूल्डनं 1957 मध्ये वहीत त्या जागी लाइटचा ‘ल’ घातला: लाइट ॲम्प्लिफिकेशन बाय स्टिम्युलेटेड एमिशन ऑफ रेडिएशन. म्हणजे उत्तेजित अणूवर प्रकाशकण आला की अणू तसाच दुसरा सोडतो, एकाचे दोन होतात. पुढे शेवटचा ‘र’ लोकांना ‘रनर’मधल्यासारखा, करणाऱ्याचा वाटला. तो काढला आणि ‘लेस’ उरलं. प्रत्यक्षात तो ‘र’ रेडिएशनचा!

आपणही कमी नाही. गिरगावात विसर्जनाला ‘लेसर लाइट’ म्हणतो, त्यात लाइट दोनदा येतो. माझ्या तोंडूनही तेच निघतं.