शब्दचर्चा : बोलताना ‘असून’ येतं का हो तोंडात?

दुपारची_झोप
खगोलशास्त्रावर एक छोटा पॉडकास्ट करते. संहिता मीच लिहिते, वाचतेही मीच. परवा मैत्रिणीने एक भाग ऐकला आणि म्हणाली, “तू बोलत नाहीयेस, निबंध वाचतेयस.” तिला कुठे खटकलं ते विचारलं, तर तिने हे वाक्य काढून दाखवलं:

“चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटर अंतरावर असून त्यावर वातावरण जवळजवळ नसल्याने तेथील दिवसाच्या व रात्रीच्या तापमानात प्रचंड तफावत आढळते.”

‘तेथील’चं ‘तिथल्या’ केलं, ‘व’चं ‘आणि’ केलं, तरी ती म्हणते अजून निबंधच आहे. मला ‘असून’चा संशय येतोय. ‘असून’च्या जागी बोलताना तुम्ही काय म्हणता?

खडू_आणि_फळा
असून काढून टाका, ते मराठी नाहीच. इंग्रजी वाक्यं मराठीत आणताना वृत्तपत्रवाल्यांनी जन्माला घातलेलं पिल्लू आहे ते.

जुनी_वही
पिल्लू कसलं? करून, जाऊन, असून ही सगळी ऊन-प्रत्ययाची भावंडं. जुन्या मराठीत करूनि, असोनि दिसतात, तेव्हा वृत्तपत्रं कुठे होती? शब्द घरचाच आहे. मात्र दोन वाक्यं नुसती जोडायला तो जितका सरसकट वापरला जातो, त्यात छापील मराठीचा हात आहे, एवढं मान्य.

मध्यलहर
मी बरीच वर्षं आकाशवाणीसाठी संहिता लिहिल्या. दुपारची_झोप, तुमचा संशय बरोबर आहे, पण शब्द जड आहे म्हणून नाही. बोलण्यातही असून येतं, फक्त त्याचा अर्थ वेगळा असतो. “एवढा शिकलेला असून असं बोलतो!” “घरात असून दार उघडलं नाही.” इथे प्रत्येक वेळी पुढे काहीतरी उलट येतं. कानाला तीच सवय आहे. त्यामुळे “चंद्र इतक्या अंतरावर असून…” ऐकलं की मन ‘तरीसुद्धा’ची वाट बघायला लागतं. आणि पुढे येतं वातावरण! डोळ्यांनी वाचणारा मागे जाऊन दुरुस्त करून घेतो, ऐकणाऱ्याला मागे जाता येत नाही.

दुसरी अडचण कर्त्याची. “मी जेवून झोपलो”, जेवणाराही मी आणि झोपणाराही मीच. तुमच्या वाक्यात चंद्रापासून सुरुवात होते, मग वातावरण येतं, शेवटी तफावत. एकाच श्वासात तीन कर्ते.

उलटा_चष्मा
कर्त्याचा नियम इतका कडक नाही हो. “पाऊस पडून गारवा आला.” पडला पाऊस, आला गारवा. हे तर कुणीही बोलतं.

मध्यलहर
खरं आहे. पण तिथे पावसामुळे गारवा आला, कारण आणि परिणाम चिकटलेले आहेत. चंद्राच्या अंतराचा वातावरणाशी काय संबंध? ‘असून’ तिथे नुसती खिळपट्टी आहे. म्हणून बदली शब्द शोधू नका. तिथे पूर्णविराम द्या.

पाटी_पेन्सिल
असून मधला सू दीर्घच ना? आमच्याकडे कायम वाद होतो.

जुनी_वही
दीर्घ. पुढे चला.

माझंही_ऐका
मलाही हाच त्रास होतो! माझ्या पॉडकास्टमध्ये प आणि फ फुटतात. मायक्रोफोनला जाळी लावल्यावर बराच फरक पडला, तुम्हीही लावून बघा.

दुपारची_झोप
जाळी आहे हो, निबंध जाळीतूनही येतो. :) मध्यलहर, पूर्णविराम देऊन असं केलं:

“चंद्र पृथ्वीपासून ३ लाख ८४ हजार ४०० किलोमीटरवर आहे. तिथे हवा जवळजवळ नाही. त्यामुळे दिवसा खूप तापतं. रात्री खूप गार होतं.”

आता ते बालवाडीचं पुस्तक झालं!

मध्यलहर
झालं खरं. चारही वाक्यं एकाच मापाची आहेत, म्हणून. लिहिलेलं वाक्य तोडायला बसलं की हेच होतं. मी एक जुनी युक्ती सांगतो. कागद पालथा घाला आणि तीच गोष्ट त्या मैत्रिणीला फोनवर सांगा, बोलणं रेकॉर्ड करा. मग जसंच्या तसं उतरवून काढा, अडखळण्यासकट. त्यातलं अर्धं फेकाल, पण क्रम बहुतेक तोच ठेवाल.

दुपारची_झोप
आत्ता करून आले. हे निघालं:

“चंद्र कितीसा लांब आहे? पावणेचार लाख किलोमीटरच्या थोडं वर. हवा मात्र नाही तिथे, म्हणजे नसल्यासारखीच. मग ऊन अडवणार कोण, आणि रात्री ऊब धरून ठेवणार कोण? विषुववृत्ताजवळ भर दुपारी १२० अंशांच्या आसपास तापतं, पाणी उकळतं त्याच्याही वर. आणि रात्री? उणे १३०.”

गंमत म्हणजे मूळ वाक्यात हे आकडे नव्हतेच, ‘प्रचंड तफावत’ म्हणून मी मोकळी झाले होते. बोलताना मैत्रीण म्हणाली, “प्रचंड म्हणजे किती?” आणि ‘हवा मात्र नाही तिथे’ मी मुद्दाम केलं नाही, ‘तिथे’ आपोआप मागे गेलं.

मध्यलहर
ते मागे गेलेलं ‘तिथे’ पुढे आणू नका. लिहिताना क्रियापद शेवटी बसवतो, बोलताना आपण त्याच्याही मागे काहीतरी सोडतो. फक्त दोन प्रश्न पाठोपाठ आलेत आणि शेवटी पुन्हा “रात्री?” आहे. त्यातला एक कमी करा, नाहीतर मुलाखत वाटते.

खडू_आणि_फळा
पावणेचार म्हणजे ३ लाख ७५ हजार. नऊ हजार चारशे किलोमीटर गिळले तुम्ही! विज्ञानाच्या कार्यक्रमात हे चालतं?

उलटा_चष्मा
‘थोडं वर’ म्हटलंय ना. शिवाय ३,८४,४०० ही सरासरीच आहे, चंद्र महिनाभरात हजारो किलोमीटर जवळ-लांब होत असतो. कानाला ‘तीन लाख चौऱ्याऐंशी हजार चारशे’ ऐकवून कोण लक्षात ठेवणार? पावणे-सव्वा-साडे हे बोलीचं धन आहे.

खडू_आणि_फळा
धन कसलं, नव्या मुलांना पावणेचार कळत नाही.

जुनी_वही
मग त्यांना कळावं म्हणून तरी म्हणा. बाकी ‘तफावत’ गेली ते बरं झालं. अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द, ‘फरक’ साधा.

उलटा_चष्मा
‘फरक’ कुठला, वहीसाहेब? तोही अरबीच. हाकलायचंच असेल तर दोघांना हाकला.

मध्यलहर
‘तफावत’ मी वेगळ्याच कारणाने काढली असती. “तापमानात प्रचंड तफावत” तीनदा भरभर म्हणून बघा.

पाटी_पेन्सिल
म्हटलं. दुसऱ्यांदाच ‘तापमानात प्रचंड तापावत’ झालं.

माझंही_ऐका
पण मग ‘असून अडचण, नसून खोळंबा’चं काय? ते तर आमची आजी रोज म्हणायची, आणि तिथे ‘तरीसुद्धा’ नाही. मध्यलहर यांचा सिद्धांत पडला!

मध्यलहर
हे सुचलं नव्हतं मला. तिथे ‘असला तरी अडचण, नसला तरी खोळंबा’ असं ऐकू येतं, म्हणजे ‘तरी’ आतून आहेच… की मी ओढूनताणून बसवतोय?

जुनी_वही
ओढूनताणून. तिथे नुसतं ‘असल्याने’ आहे. असल्याने अडचण, नसल्याने खोळंबा.

उलटा_चष्मा
मग ‘असून काय उपयोग’मध्ये कुठलं? तिथे ना ‘तरी’ चपखल बसतं, ना ‘असल्याने’.

दुपारची_झोप
मंडळी, माझ्या पुढच्या वाक्यात ‘ज्याद्वारे’ आहे. त्याचं कुणी बघेल का?

खडू_आणि_फळा
आधी म्हणीचं मिटू दे.