बेरीज 10.4 की 10.5? मदत हवी आहे

मुलीच्या अकरावीच्या प्रॅक्टिकलची वही बघतोय, इंदूरला कोणाला विचारावं ते सुचेना म्हणून इथे. पाणी जुन्या काट्यावर 9.8 ग्रॅम, मीठ आणि साखर दुसऱ्या काट्यावर प्रत्येकी 0.34. तिने आधी सगळं एका दशांश स्थळावर आणलं, 9.8 + 0.3 + 0.3 = 10.4, मी तसंच जोडलं तर 10.48 म्हणजे 10.5. शेवटी एकच दशांश स्थळ ठेवायचं हे माहितेय, सगळ्यात ढोबळ माप 9.8 आहे ना, पण राउंडिंग शेवटीच करायचं का? आणि प्रत्येक मापात दोनच सार्थक अंक असताना 10.5 मध्ये तीन झाले, ते चालतात? पुढे हे वजन 10.0 मिलीने भागून घनता काढायचीये, तिथे 10.48 घ्यायचे की 10.5?