शब्दचर्चा : रशियनमध्ये ३२१ रुपये एकवचनी आणि २१२ अनेकवचनी कसे?

मोरजीचा दुकानदार

मोरजीला काजू-मसाल्याचं दुकान आहे. हंगामात गिऱ्हाईक बहुतेक रशियन, म्हणून फळ्यावर भाव रशियनमध्ये खडूने लिहितो. अक्षरं शिकलोय, व्याकरण नाही. 'रूपिय' हा एक शब्द कुणाकडून तरी उचलला आणि सगळ्या आकड्यांपुढे तोच ठेवला.

काल नेहमी येणाऱ्या एका आजींनी खडू मागून घेतला. ३४२ पुढचं 'रूपिय' पुसून 'रूपिई' केलं, ३२१ पुढे 'रूपिया' केलं आणि २१२ पुढचं मात्र तसंच ठेवलं. ३२१ रुपये एकवचनी कसे? आणि ३४२ ला एक रूप, २१२ ला दुसरं, दोन्हींच्या शेवटी २ च आहे की! आजींना विचारलं तर म्हणाल्या, असंच असतं.

आकडेमोड

सोपं आहे. शेवटचा अंक बघायचा. १ असेल तर एकवचन, २-३-४ असेल तर अनेकवचन, ५ ते ९ आणि शून्याला ते तिसरं रूप. ड्युओलिंगोवर मी हेच शिकलो. २१२ चं आजी विसरल्या असतील.

मोरजीचा दुकानदार

आजी विसरणाऱ्यांतल्या नाहीत. उधारी त्याच मला आठवण करून देतात.

दुभाषी

आजी बरोबर आहेत. मी पंचवीसेक वर्षं रशियन-मराठी भाषांतर करते, त्यातली सहा मॉस्कोत काढली.

आकडेमोड, तुमचा नियम बराचसा चालतो, पण अंक बघू नका, शेवटचा उच्चारलेला शब्द ऐका. आपण मराठीत 'एकवीस' म्हणतो, एक आधी आणि वीस नंतर, तेही एकजीव. रशियन माणूस 'द्वात्सत् अदीन' म्हणतो, म्हणजे 'वीस, एक', सुटे दोन शब्द. ३२१ म्हणजे 'त्रीस्ता द्वात्सत् अदना रूपिया' : तीनशे, वीस, एक रुपया. नामाच्या शेजारी 'एक' उभा आहे, मग नाम एकवचनी. तीनशे वीस मागे राहिले, त्यांना कुणी विचारत नाही.

आता २१२. बारा हा 'दहा, दोन' असा सुटा नाही, 'द्विनात्सत्' असा एकच शब्द आहे. तो मुळात 'दहावर दोन' असा बनलाय, म्हणून शेपटीला 'दहा' आहे. अकरा ते एकोणीस सगळे तसेच. म्हणून ११, १२, १३, १४ दहाच्या पंगतीत बसतात : द्विनात्सत् रूपिय. ४२ मध्ये 'सोरक द्वे' असा 'दोन' सुटा ऐकू येतो, म्हणून रूपिई.

आकडेमोड

११-१४ चा अपवाद मान्य. पण २-३-४ ला अनेकवचन हे तर बरोबर ना? 'रूपिई' म्हणजे 'रुपये'च.

दुभाषी

रुपयापुरतं तसं दिसतं, आणि तिथेच फसगत होते. रशियनमध्ये रुपया स्त्रीलिंगी आहे. या शब्दाचं साधं अनेकवचन 'रूपिई' आणि षष्ठीचं एकवचनही 'रूपिई'. फरक दिसायला जागाच नाही.

रुब्ल घेऊन बघा, तो पुल्लिंगी. एक रुब्ल, अनेक 'रुब्ली'. पण दोन रुब्ल म्हणजे 'द्वा रुब्ली' नाही, 'द्वा रुब्ल्या'. ते 'रुब्ल्या' म्हणजे 'एका रुब्लचा', षष्ठी एकवचन. पाचाला 'प्यात् रुब्लेय', म्हणजे 'रुब्लांचे पाच', षष्ठी अनेकवचन. किंवा हात घ्या. 'हात' अनेकवचनी 'रूकि', जोर पहिल्या अक्षरावर. 'दोन हात' मात्र 'द्वे रुकी', जोर शेवटी. लिहिताना दोन्ही सारखेच, तोंडातून चूक लगेच पकडली जाते.

ओसरी

पाचाला षष्ठी का, हे विचारतो. मराठीत 'रुपयांचे पाच' म्हटलं तर लोक हसतील. आणि दोनला 'एका रुब्लचे दोन'? हे तर्काबाहेर आहे. शिवाय 'षष्ठी' हा शब्दही इथे मला पटत नाही. आपली षष्ठी चा-ची-चे करत पुढच्या नामाशी जुळते, त्यांची जुळत नाही.

दुभाषी

शब्दाबद्दलची तक्रार मान्य, पण दुसरा सोयीचा शब्द माझ्याकडे नाही.

पाचचं कारण सरळ आहे. जुन्या स्लाव भाषेत पाचपासून पुढचे आकडे नामं होती. 'पंचक' म्हणा. 'रुब्लांचं पंचक' म्हटल्यावर षष्ठी आलीच. एक ते चार हे मात्र विशेषणासारखे नामाशी जुळायचे. 

दोनची गंमत वेगळी. तिथे संस्कृतसारखं द्विवचन होतं. पुढे ते गेलं, पण 'दोन'च्या शेजारची रूपं चिकटून राहिली. पुल्लिंगी नामांचं द्विवचन दिसायला षष्ठी एकवचनासारखंच होतं, म्हणून लोकांना ते षष्ठी वाटू लागलं, मग तीन-चारही त्याच्या मागे गेले. त्याचा एक पुरावा अजून कानाने ऐकता येतो. 'एकच्या सुमाराला' म्हणजे 'ओकला चासा', जोर 'चा'वर. 'दोन तास' मात्र 'द्वा चिसा', जोर शेवटी. लिहिताना शब्द तोच. निव्वळ षष्ठी असती तर जोर हलायचं कारण नव्हतं.

ओसरी

द्विवचन! मग बोलणं संपलं, पटलं. आपल्याकडेही ते गेलं, फक्त आपण मागे काही ठेवलं नाही.

दुभाषी

दुसरीकडे ठेवलंय की. आपले दोघे-तिघे-चौघे! रशियनमध्येही माणसांसाठी 'द्वोये, त्रोये' असे वेगळे आकडे आहेत. 'द्वोये ब्रात्येव' म्हणजे 'दोघे भाऊ'. फक्त नुसत्या बायका असतील तर ते वापरत नाहीत, 'द्वे सिस्त्री' असं साधं 'दोन' येतं. आपण 'दोघी' म्हणून मोकळे होतो.

माई

मी मध्येच विचारते. माझा मुलगा रशियात डॉक्टरकीला आहे. त्याच्या कॉलेजकडून कागद आला होता, फी 'दो पेर्ववा सेंत्याब्र्या' भरा. पेर्वी म्हणजे पहिला हे मला ठाऊक होतं, म्हणून एक तारखेला सकाळी भरली, तर तिथे उशीर धरला. 'एक' असताना 'पहिला' का लिहितात, आणि एक तारीख धरायची की नाही?

आकडेमोड

माई, हा धागा रुपयांवर आहे.

दुभाषी

असू दे, आकडेच आहेत. तारखेला रशियनमध्ये 'दोन मे' नसतं, 'दुसरी मे' असतं. म्हणजे क्रमवाचक, तेही नपुंसकलिंगी, कारण मनात 'चिस्लो' हा तारखेसाठीचा शब्द असतो. आज दोन मे आहे : 'फ्तारोये माया', दुसरं, मे-चं. दोन मेला काही घडलं : 'फ्तारोवा माया', इथे क्रमवाचकही षष्ठीत. सालात फक्त शेवटचा शब्द क्रमवाचक होतो. २००३ च्या मे महिन्यात जन्म असेल तर 'द्वे तीसिचि त्रेत्येवा गोदा' : दोन हजार तसेच, 'तिसऱ्या वर्षाचं' तेवढं बदललं.

तुमच्या कागदातला घोळ मात्र 'दो' या शब्दाचा आहे. 'दो' म्हणजे 'पर्यंत', आणि ती तारीख धरायची की नाही यावर रशियन लोकांचंही एकमत नसतं. वाद नको असेल तर ते 'पो पेर्वये' लिहितात, त्यात एक तारीख आलीच, किंवा पुढे 'व्क्ल्युचीतिल्ना' म्हणजे 'धरून' असं जोडतात. तुमच्या कागदावर ते नसेल तर भांडायला जागा आहे, जिंकाल असं सांगत नाही.

माई

भांडण झालं, दंड भरून झाला. मुलगा येत्या मे महिन्यात एकवीसचा होईल. 'द्वात्सत् अदीन गोत' ना? गेल्या वर्षी मी वीसला 'गोदा' म्हटलं तर हसला होता.

दुभाषी

बरोबर. गेल्या वर्षी 'द्वात्सत् ल्येत' हवं होतं. वर्षाला पाचपासून 'गोत' सोडून 'ल्येत' हा दुसराच शब्द लागतो, मुळात अर्थ उन्हाळा. पुढच्या वर्षी बावीसला 'गोदा' म्हणा, चालेल.

मोरजीचा दुकानदार

माझा प्रश्न बाकी आहे. फळ्यावर आजींनी 'रूपिया' लिहिलं, पण ३२१ ची पिशवी उचलताना दुसऱ्या बाईला सांगितलं 'स्तोइत त्रीस्ता द्वात्सत् अदनू रूपियु'. हे चौथं रूप कुठून आलं?

दुभाषी

'स्तोइत' म्हणजे 'किंमत पडते', त्याला द्वितीया लागते. शेवटी 'एक' असेल तर तो आणि स्त्रीलिंगी नाम दोन्ही द्वितीयेत जातात : अदनू रूपियु. ३४२ ला काही बदलत नाही, 'सोरक द्वे रूपिई' तसंच. रुब्ल असता तर एकलाही बदल दिसला नसता. फळ्यावर क्रियापद नाही, म्हणून तिथे 'रूपिया'च बरोबर.

आतापर्यंतचा सगळा नियम प्रथमा-द्वितीयेपुरताच आहे, एवढं लक्षात ठेवा. दुसरी विभक्ती आली की आकडा आणि नाम दोघंही त्या विभक्तीत जातात आणि शेवटी 'एक' नसेल तर नाम अनेकवचनी होतं. 'दोन मिनिटं' म्हणजे 'द्वे मिनूति'. पण 'पाचला दोन मिनिटं कमी' म्हणजे 'बिज़ द्वुख मिनूत प्यात्'.

आकडेमोड

एवढं करण्यापेक्षा 'रूप.' असं तोडून लिहा. व्याकरणाचा प्रश्नच मिटेल.

मोरजीचा दुकानदार

तोडून लिहिलं की सरकारी पावती वाटते. फळा माझ्या दुकानाचं तोंड आहे.

आणखी एक. आजी भाव विचारताना कधी 'त्रीस्ता रूपिय' म्हणतात, कधी उलटं 'रूपिय त्रीस्ता'. उलटं म्हटलं की घासाघीस करताहेत असं मला वाटायचं.

दुभाषी

उलटं म्हणजे 'तीनशेक'. नाम आधी टाकलं की आकडा अंदाजे होतो. घासाघीसच म्हणा, पण अजून तोंड उघडलेलं नाही. आपण 'एक' चिकटवतो, ते जागा बदलतात.

ओसरी

पाव किलोला काय लिहिता?

मोरजीचा दुकानदार

'२५० ग्राम' लिहिलं होतं. आजींनी तेही बदलून 'ग्रामफ' केलं.

आकडेमोड

मी रशियन व्हिडिओ बघतो, सगळे 'ग्राम'च म्हणतात. हे आजींचं जास्तच.

दुभाषी

२५० ला षष्ठी अनेकवचन हवं, आणि लेखी रूप 'ग्रामफ' शिकवतात. बाजारात मात्र वजनाला 'ग्राम' आणि 'किलग्राम' असे उघडेच शब्द चालतात, आता पुष्कळ कोश ते चुकीचं धरत नाहीत. मी भाषांतरात 'ग्रामफ' लिहिते, दुकानात 'ग्राम' म्हणते.

मोरजीचा दुकानदार

आज फळा नव्याने लिहिला. काजू ३२१ रूपिया, मोठे काजू ३४२ रूपिई, मिरी २१२ रूपिय, वजन सगळीकडे ग्रामफ. आजी आल्या, वरपासून खालपर्यंत वाचून मान डोलावली आणि मिरीच्या बरणीकडे बोट दाखवून म्हणाल्या, 'द्वेस्ती पिदिस्यात् ग्राम.'