गोळ्या महिनाभर घेऊनही हिमोग्लोबिन ८.४: लोहाचे इंजेक्शन आताच द्यावे का?

नाशिकरोडची नणंद:
माझ्या वहिनीला अठ्ठाविसावा आठवडा सुरू आहे. महिन्यापूर्वी तिचे हिमोग्लोबिन ८.२ होते, परवा ८.४ आले. ती सरकारी लाल गोळी दिवसातून दोनदा घेते. आई म्हणते, गोळ्यांनी पोट बिघडते, त्यापेक्षा बीट-खजूर द्या. भाऊ म्हणतो, इंजेक्शन घेऊन मोकळे व्हा. आपले मत काय?

निफाडकर:
माझे मत स्पष्टपणे इंजेक्शनच्या बाजूने आहे. गेल्या वर्षी द्राक्षांच्या छाटणीच्या दिवसांत माझ्या पत्नीचे असेच झाले होते. गोळी घेतली की तासाभरात मळमळ सुरू व्हायची, म्हणून ती गोळ्या घेतल्याचे सांगत असे आणि प्रत्यक्षात त्या डब्यातच राहत. बत्तिसाव्या आठवड्यात हे उघड झाले तेव्हा हिमोग्लोबिन ७.८ होते. मग सलाइनमधून एकदाच लोह दिले आणि प्रसूतीच्या वेळी ते १०.५ पर्यंत गेले. दोन महिने आम्ही उगाच घालवले, असे मला आजही वाटते.

ओझरची आजी:
आमच्या वेळी कमरेत इंजेक्शन देत असत, ते फार दुखे आणि त्या जागी काळा डाग वर्षानुवर्षे राही. गर्भारपणात पोरीला तसा त्रास का द्यायचा? बाजरीची भाकरी, गूळ, पालक आणि बीट एवढे नियमाने दिले तरी रक्त वाढते.

परिचारिका (निवृत्त):
आजी, कमरेतील ते इंजेक्शन आता गरोदर स्त्रीला सहसा देत नाहीत; इथे विषय शिरेतून सलाइनबरोबर देण्याच्या लोहाचा आहे. बाजरीबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे, पण हिशेब मांडून पाहा. दोन भाकऱ्यांना लागणाऱ्या १०० ग्रॅम पिठात साधारण ६ मिलीग्रॅम लोह असते आणि त्यातले अर्धा मिलीग्रॅमही अंगी लागले तरी पुष्कळ झाले. बिटाच्या रंगावर आपण भाळतो, पण १०० ग्रॅम बिटात लोह जेमतेम १ मिलीग्रॅम असते. याउलट एका लाल गोळीत ६० मिलीग्रॅम असते. म्हणून ८.४ वर आलेले हिमोग्लोबिन केवळ आहाराने भरून निघत नाही. आहाराचा खरा उपयोग आहे तो लोह शोषले जाण्यासाठी: मटकीच्या उसळीवर लिंबू पिळावे, जेवणात आवळा किंवा पेरू असावा आणि जेवणानंतर तासभर तरी चहा घेऊ नये.

आता मूळ मुद्दा. इंजेक्शनचा निर्णय घेण्याआधी वहिनी गोळी कधी आणि कशाबरोबर घेते, हे विचारावे. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेते का? पित्तासाठी काही सुरू आहे का? माझ्या नोकरीत मी असंख्य बायांच्या पिशव्या टेबलावर उलट्या करून पाहिल्या आहेत, आणि ‘गोळी लागू पडत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा या दोन गोष्टींपैकी एक सापडत असे.

नाशिकरोडची नणंद:
आत्ताच विचारले. रात्रीच्या जेवणानंतर लाल गोळी आणि कॅल्शियम एकत्र, वर अर्धा कप चहा. सकाळी उठल्याबरोबर पित्ताची गोळी आणि नाश्त्यानंतर दुसरी लाल गोळी. शौचाला काळे होते म्हणून ती घाबरली होती आणि मधले आठ दिवस तिने एकच गोळी घेतली, हेही आज कळले.

प्रयोगशाळावाला, सातपूर:
मला रिपोर्टमधील दोन आकडे हवे आहेत: एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, आणि त्या पेशींची संख्या. हिमोग्लोबिन कमी आहे म्हणजे लोहच कमी आहे, असे प्रत्येक वेळी नसते. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहक असलेल्या व्यक्तीच्या पेशीही लहानच असतात, पण त्यांची संख्या सहसा कमी झालेली नसते. शिवाय आपल्या जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ भागांत सिकलसेल हा दुसरा आनुवंशिक रक्तविकारही आढळतो. अशा स्त्रीला लोहाची कमतरता नसताना गोळ्या वाढवत नेण्यात काहीच अर्थ नाही.

नाशिकरोडची नणंद:
एमसीव्ही ७१, तांबड्या पेशी ३९ लाख.

प्रयोगशाळावाला, सातपूर:
७१ ला ३.९ ने भागले तर सुमारे १८ येतात. हे उत्तर १३ च्या खाली असते तर मी थॅलेसेमियाचा संशय आधी घेतला असता. ही ढोबळ चाळणी आहे आणि गर्भारपणात ती अधिकच ढोबळ ठरते, त्यामुळे खात्रीसाठी फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाच्या साठ्याची रक्ततपासणी, करून घ्यावे. ते ३० च्या खाली आले तर लोहाची कमतरता धरून चालता येईल.

पंचवटीतील स्त्रीरोगतज्ज्ञ:
निफाडकरांशी मी अर्धाच सहमत आहे. त्यांच्या पत्नीबाबत निर्णय योग्य होता, कारण गोळी सोसवत नव्हती आणि आठवडेही थोडे उरले होते. इथे गोळी अपयशी ठरली असे म्हणताच येत नाही, कारण ती नीट पोटात गेलेलीच नाही. लोह आणि कॅल्शियम यांत किमान दोन तासांचे अंतर हवे. पित्ताच्या गोळीने जठरातील आम्ल घटते आणि लोह कमी शोषले जाते, म्हणून ती खरोखर लागते का, हे तिच्या डॉक्टरांना विचारावे. मळमळ होत असेल तर रिकाम्या पोटाचा हट्ट न धरता थोडे खाऊन गोळी घ्यावी. शोषण थोडे घटते, पण सुटलेल्या गोळीपेक्षा ते बरे. बद्धकोष्ठासाठी इसबगोल चालते. काळी शौच लोहामुळेच होते, घाबरू नये. मात्र ती डांबरासारखी चिकट आणि दुर्गंधीयुक्त असेल तर दाखवावे.

असे नीट घेऊन तीन आठवड्यांनी, म्हणजे एकतिसाव्या आठवड्यात, पुन्हा तपासणी करावी. महिन्याला निदान १ ग्रॅमची वाढ अपेक्षित असते. हिमोग्लोबिन ९ च्या आसपासही पोहोचले नाही, तर मी शिरेतून लोह देईन. चौतीस आठवड्यांनंतर अशक्तपणा लक्षात आला तर आम्ही गोळ्यांची वाटच पाहत नाही, आणि ७ च्या खाली गेले तर रुग्णालयातच उपचार करतो. पहिल्या तीन महिन्यांत मात्र हे इंजेक्शन टाळतात.

निफाडकर:
तीन आठवडे थांबून पुन्हा तेच झाले तर? आधी ज्या घरात आठ दिवस कोणाला कळले नाही, तिथे पुढचे एकवीस दिवस कोण मोजणार?

पंचवटीतील स्त्रीरोगतज्ज्ञ:
हा आक्षेप योग्य आहे, आणि गोळ्या घेतल्या जाणार नाहीत असे दिसत असेल तर आताच इंजेक्शन देण्यालाही मी चूक म्हणणार नाही. हिशेब असा असतो: गर्भारपणाआधीचे वजन ५२ किलो धरले तर ५२ गुणिले २.६ (११ वजा ८.४) गुणिले २.४, अधिक साठ्यासाठी ५००, म्हणजे सुमारे ८२५ मिलीग्रॅम. आयर्न सुक्रोज २०० मिलीग्रॅमच्या मात्रेने एक दिवसाआड दिले तर चार-पाच खेपा होतात. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एकाच बैठकीत देता येते, पण ते महाग पडते. तीव्र ॲलर्जी क्वचितच होते, तरीही हे घरी किंवा बिनसोयीच्या दवाखान्यात घेऊ नये, आणि नंतर अर्धा तास तिथेच बसवून ठेवावे.

गंगापूररोडचा वाचक:
मी असे वाचले आहे की लोह एक दिवसाआड घेतले तर जास्त शोषले जाते. मग रोज दोन गोळ्यांचा आग्रह कशासाठी?

पंचवटीतील स्त्रीरोगतज्ज्ञ:
प्रत्येक गोळीमागे शोषण वाढते, हे खरे आहे; मोठ्या मात्रेनंतर शरीर दुसऱ्या दिवशी लोहाला दार थोडे बंद करून घेते. पण ते प्रयोग गरोदर नसलेल्या स्त्रियांवर झाले होते. एवढी कमतरता आणि हाती जेमतेम बारा आठवडे असताना मी त्यावर विसंबणार नाही. माझे काही सहकारी मात्र मळमळणाऱ्या रुग्णांना तसेच देतात, आणि त्यांच्याशी माझा हा वाद अजून मिटलेला नाही.

नाशिकरोडची नणंद:
फेरिटिन उद्या देतो. कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर हलवले आहे, चहा संध्याकाळवर गेला आहे. आई बिटाची कोशिंबीर करणारच आहे, तिच्यावर लिंबू पिळायचे कबूल केले आहे. भाऊ अजूनही निफाडकरांच्याच बाजूने आहे.