मदत हवी आहे: नाश्त्याच्या बुफेत डोशाची रांग आवरत नाही

नमस्कार मंडळी. महाबळेश्वरला आमचं ४० खोल्यांचं हॉटेल आहे. नाश्ता साडेसात ते साडेदहा, पण शनिवार-रविवारी नव्वदेक पाहुण्यांपैकी साठ जण साडेआठ ते साडेनऊ या तासातच येतात. साइट-सीइंगच्या गाड्या दहाला निघतात ना!

खरी अडचण डोशाची. तव्यावर एका वेळी तीन डोसे निघतात, खेपेला चार मिनिटं, म्हणजे तासाला ४५. मागणी त्याहून जास्त. त्यात ऑम्लेटचा काउंटर शेजारीच, आणि दोन्ही बुफेच्या टोकाला. त्यामुळे डोशाची रांग मागे सरकत थेट प्लेटांपर्यंत येते. ज्याला नुसते पोहे हवेत तोही अडकतो.

विचार असा आहे की डोसा समोरच्या भिंतीला न्यायचा, टेबल नंबरचं टोकन द्यायचं आणि डोसा वेटरनं पोचवायचा. चहा-कॉफीही वेगळ्या कोपऱ्यात. पण गर्दीत टोकन पद्धत टिकते का? की दुसरा तवाच लावावा?

दुसरं, पोहे. चेफिंग डिश काठोकाठ भरली की अर्ध्या तासात खालचे पोहे कडक, वरचे कोरडे. म्हणून आता अर्धीच भरतो आणि पाव उरली की नवीन ट्रे बदलतो, जुन्यावर नवे ओतत नाही. तरी किचन खालच्या मजल्यावर असल्यानं ट्रे यायला दहा मिनिटं जातात. निरोप नेमका केव्हा द्यायचा, आणि साडेनऊनंतर खेप किती लहान करायची? नाहीतर शेवटी सगळं स्टाफच्याच ताटात.

एवढ्याच आकाराचं हॉटेल चालवणाऱ्यांनी कृपया सांगा.