मध्यमान, मध्यक आणि ‘प्रमाण’ विचलन

नाशिकरोडची विद्यार्थिनी: काल क्लासच्या क्विझमध्ये सात मुलांचे गुण दिले होते: 15, 10, 12, 19, 11, 18, 13. मध्यमान, मध्यांक आणि प्रमाण विचलन काढायचं होतं. दहावीत आम्ही मध्य आणि मध्यक शिकलो, त्यामुळे ‘मध्यमान’ म्हणजे मधली संख्या असं धरून मी 19 लिहिलं. प्रमाण विचलन 1.31 आलं. दोन्ही चूक. हे शब्द नेमके कशासाठी आहेत? आणि ‘प्रमाण’ म्हणजे इथे गुणोत्तर का?

पंचवटीकर: हो, प्रमाण म्हणजे गुणोत्तरच. म्हणून तर शेवटी भागाकार येतो. मध्यमान म्हणजे सरासरी, तुझ्या आकड्यांची 98 ÷ 7 = 14.

सिडकोतले निवृत्त शिक्षक: सरासरी बरोबर आहे, ‘प्रमाण’ मात्र नाही. प्रमाण भाषा, प्रमाण वेळ म्हणतो ना, तो हा प्रमाण. मोजायला सगळ्यांनी धरलेलं एक माप. भागाकार सरासरीतही असतो, म्हणून तिला कुणी प्रमाण म्हणत नाही.

बाकी घोळ पुस्तकांचा आहे. शाळेत मध्य आणि मध्यक, शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत मध्यमान आणि मध्यांक. मी मुलांना सांगायचो, ‘मान’ दिसलं की बेरीज करून भागायचं; ‘क’ किंवा ‘अंक’ शेवटी आला की आधी रांग लावायची. तू रांग न लावता चौथा आकडा उचललास. 10, 11, 12, 13, 15, 18, 19 अशी लावली की चौथा 13 येतो. मध्यक 13.

पिंपळगावचा बागायतदार: आमच्याकडे बाजार समितीच्या पत्रकात किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर असतो. मी तो कायम सरासरीच समजत आलो. किमान आणि कमाल मिळवून दोनाने भागलं की कधी जुळतो, कधी नाही. मग तो मध्यक का?

निवृत्त शिक्षक: दादा, तो दोन्ही नाही. बहुतेक माल ज्या भावाच्या आसपास गेला तो सर्वसाधारण दर. आमच्या भाषेत तो बहुलकाच्या जवळचा. बातम्यांत त्यालाच ‘सरासरी’ लिहितात, म्हणून तुमचा हिशेब जुळत नाही.

विद्यार्थिनी: सर, 1.31 कसं आलं तेही सांगा ना. मध्यमान म्हणून 19 लिहिलं तरी फरक सरासरीपासून, म्हणजे 14 पासूनच, बरोबर काढले होते: −4, −3, −2, −1, 1, 4, 5.

निवृत्त शिक्षक: फरकांची बेरीज शून्य येते, म्हणजे 14 आणि वजाबाक्या दोन्ही ठीक. पुढे कॅल्क्युलेटरवर कंस न घालता `-4²` दाबलंस. यंत्र आधी 4 चा वर्ग करतं, मग उणे लावतं, उत्तर −16. असे चारही उणे वर्ग घेतले की बेरीज 12 येते, 7 ने भागून मूळ काढलं की 1.31. `(-4)²` असं दाब, नाहीतर चिन्ह सोडून नुसता 4 चा वर्ग कर. वर्ग 16, 9, 4, 1, 1, 16, 25, बेरीज 72. 72 ÷ 7 = 10.29, मूळ 3.21.

ही चूक कागदावरच पकडता येते. चिन्हं सोडून फरकांची बेरीज 20, सातांनी भागून 2.86. प्रमाण विचलन याहून कमी येऊच शकत नाही. वरच्या बाजूला, 7 ने भागलं असेल तर 19 आणि 10 मधल्या अंतराच्या निम्म्याहून, म्हणजे 4.5 हून जास्त येणार नाही. 1.31 दिसताक्षणी परत मागे जायचं.

गंगापूररोडची एम.एस्सी. करणारी: माझ्या कॅल्क्युलेटरवर हेच आकडे घातले तर `σx` 3.21 देतं आणि `sx` 3.46 देतं. जुन्या मॉडेलवर हीच बटणं `xσn` आणि `xσn-1` अशी आहेत. दुसऱ्यात 72 ला 6 ने भागतात, 12 चं मूळ 3.46. आणि हो, आधीच्या गणिताची माहिती पुसली नसेल तर दोन्ही चुकतात. त्यावर दिसणारा `n` 7 आहे ना, ते पहिल्यांदा बघायचं.

पंचवटीकर: मग क्विझमध्ये कुठलं बरोबर धरलं?

विद्यार्थिनी: उत्तरपत्रिकेत 3.46 आहे. प्रश्नात फक्त ‘सात मुलांचे गुण’ लिहिलंय.

निवृत्त शिक्षक: गट तेवढाच सात मुलांचा असेल तर मी 3.21 ला पूर्ण गुण दिले असते. मोठ्या वर्गातून सात जण नमुना म्हणून उचलले असतील तर 3.46. ‘नमुना’ हा शब्द प्रश्नात हवा होता.

एम.एस्सी. करणारी: सर, आमच्याकडे काही लिहिलं नसेल तर नमुनाच धरतात.

निवृत्त शिक्षक: आमच्याकडे शाळेत उलटं. सरांना विचार, बाळ, आणि ते काय म्हणाले ते इथे लिही.